अनुवाद पारखायला प्राकृत यायलाच हवं का?

स्वाध्यायाला बसणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, "आम्हाला कुठं प्राकृत येतंय? अनुवाद बरोबर की चूक, काय कळणार?" मला हे पटत नाही. भाषा येत नसली तरी विषय ओळखीचा असतो.

नवं पुस्तक हाती आलं की मी आधी 'राग' शब्द शोधते. मराठीत राग म्हणजे संताप. आगमात राग म्हणजे आसक्ती. संताप द्वेषाच्या बाजूला मोडतो, तर माया आणि लोभ रागात. अनुवादकाने 'राग-द्वेष' जागी 'क्रोध-द्वेष' केलं असेल, तर दोन्ही शब्द एकाच बाजूचे झाले आणि मुलाबाळांचा, दागिन्यांचा मोह पुस्तकातून गायबच! वीतराग म्हणजे नुसता न चिडणारा, असं होऊन बसतं.

मग सहा द्रव्यांचं पान. तिथला धर्म म्हणजे गतीला साहाय्य करणारं द्रव्य, जसं माशाला पाणी. अधर्म थांबायला साहाय्य करणारं. तिथे 'पुण्य' आणि 'पाप' छापलेलं दिसलं, तर भाषा कितीही गोड असो, मी पुस्तक मिटते. हिशेबतपासणीत सगळी व्हाउचर कुठे बघतात? मोक्याची चार बघतात.

शंका आलीच तर तीच गाथा दुसऱ्याच्या अनुवादात बघावी. मात्र दोघांनी एकाच हिंदी पुस्तकावरून केलेलं नाही ना, हे प्रस्तावनेत आधी पाहावं. नाहीतर जुळलं तरी उपयोग नाही. मूळ गाथेचा गोडवा उतरला का, हे मात्र या तपासणीत कळत नाही. त्यासाठी प्राकृत जाणणारंच कुणी लागतं.