हवाला वेगळा, हाशिया वेगळा

उर्दूत दोन शब्द आहेत. एखादी गोष्ट कुठल्या पुस्तकातून घेतली हे सांगणे म्हणजे हवाला. त्या गोष्टीबद्दल लेखकाला बाजूला काही समजावून सांगायचे असेल तर तो हाशिया. मदरशात शिकलेल्या कुणालाही हा फरक सांगावा लागत नाही. मधे मतन, त्याच्याभोवती हाशिया, अशी छापलेली किताब त्याने लहानपणापासून पाहिलेली असते. मराठीत मात्र आपण दोन्हींना सर्रास 'तळटीप' म्हणतो. पुढचा घोटाळा तिथूनच सुरू होतो. उर्दूवाल्यांनीही फुशारकी मारू नये, कारण आपली नियतकालिके लेखाच्या शेवटी 'हवाशी व हवालाजात' असे एकच शीर्षक देऊन दोन्ही एका ओळीत उभे करतात.

हे आठवायचे कारण असे. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने १६८९ साली संगमेश्वरात संभाजी महाराज पकडले गेले त्या घटनेवर शोधनिबंध लिहिला. फारसी नावे नीट आहेत का एवढेच पाहायला तिने तो माझ्याकडे पाठवला. ज्या नियतकालिकाला तो द्यायचा होता, त्याची पद्धत कंसातल्या संदर्भांची होती, म्हणजे वाक्यातच लेखकाचे नाव, वर्ष, पान आणि शेवटी संदर्भसूची. निबंधात कंस होतेच, शिवाय खाली ३१ टिपाही होत्या. काही टिपांत फक्त पुस्तकाचे नाव होते, काहींत खुलासा, तर काहींत दोन्ही. नावे तपासता तपासता माझ्या लक्षात आले की कुठले विधान ग्रंथातले आणि कुठले तिचे स्वतःचे, हे मलाच सांगता येत नाही.

माझे मत सरळ आहे. संदर्भ कंसात द्यायचे ठरले की टीप हवाल्यासाठी उरत नाही, ती फक्त हाशियासाठी उरते. वर कंस, खाली लेखकाचे बोलणे. ही रेघ पाळली तर टिपा वाचकाच्या कामाच्या होतात.

तिच्या निबंधातले एक वाक्य घेऊ. 'शेख निजाम ऊर्फ मुकर्रब खानाने १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरात छापा घातला.' या वाक्याला तिने टिपेचा क्रमांक दिला होता आणि टिपेत लिहिले होते: 'मआसिर-ए-आलमगिरी, ही तारीख जुन्या कालगणनेची आहे.' इथे एका टिपेत दोन कामे आली. आम्ही ती वेगळी केली. ग्रंथ वर कंसात गेला: (साकी मुस्तैद खान १९४७), पुढे पान. खाली टिपेत फक्त खुलासा राहिला: ही तारीख इतिहासग्रंथांत रूढ असलेल्या जुन्या, ज्युलियन गणनेची आहे, आजच्या ग्रेगोरियन गणनेने ती १० दिवस पुढे, ११ फेब्रुवारीला येते. हा खुलासा वाक्यातच घातला असता तर घटनेचा धागा तुटला असता. गाळला असता तर दुसऱ्या पुस्तकात वेगळी तारीख पाहणारा वाचक गोंधळला असता. अशाच गोष्टीसाठी टीप असते.

आता त्या कंसाकडे पाहा. साकी मुस्तैद खानाने ग्रंथ पूर्ण केला १७१० मध्ये. १९४७ हे जदुनाथ सरकारांच्या इंग्रजी अनुवादाचे वर्ष. नुसते १९४७ वाचले तर नवख्या वाचकाला वाटेल की हा कुणी आपल्या आजोबांच्या काळातला लेखक. म्हणून पहिल्या उल्लेखाला एक टीप हवी: मूळ फारसी ग्रंथ १७१० चा, इथे वापरला आहे तो सरकारांचा अनुवाद, पाने अनुवादाची. ही टीप ग्रंथाबद्दल आहे, तरी ती हवाला नाही. हवाला कंसातच आहे, टीप तो कसा वाचायचा ते सांगते.

टिपेत कंस येऊच नये का? येऊ शकतो. खुलाशातली एखादी गोष्ट दुसऱ्या ग्रंथातून घेतली असेल, तर टिपेच्या आतही त्याच पद्धतीने कंस द्यायचा. शेख निजाम आधी गोवळकोंड्याच्या चाकरीत होता, हे टिपेत सांगितले तर त्याचा आधार तिथेच कंसात द्यावा आणि तो ग्रंथ संदर्भसूचीतही असावा. नेमके इथेच राहून जाते. सूची करताना आपण मुख्य मजकुरातले कंस गोळा करतो, टिपांतले विसरतो. तिच्या निबंधात असे तीन ग्रंथ सापडले, जे टिपांत होते आणि सूचीत नव्हते.

दुसरी खोड म्हणजे 'कित्ता' आणि 'तत्रैव'. हे शब्द टिपांतून संदर्भ देण्याच्या जुन्या पद्धतीचे. मधली एक टीप काढली की 'कित्ता' गुपचूप भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. कंसात नाव आणि वर्ष असताना त्यांची गरजच नाही. क्रमांकाची जागाही पाहावी. '१६८९' या आकड्याला चिकटून टिपेचा ५ आला तर नजरेला १६८९५ दिसते. क्रमांक वाक्याच्या शेवटी, पूर्णविरामानंतर टाकावा.

खरा वाद झाला तो एका वेगळ्या टिपेवरून. छापा पडला कारण आतल्याच माणसांनी खानाला बातमी दिली, असे तिने टिपेत लिहिले होते. शेवटी 'असे मानले जाते' आणि आधार काहीच नाही. मी विचारले, "कोण मानते?" ती म्हणाली, "सर, सगळेच म्हणतात. म्हणूनच वर घेतले नाही, खाली ठेवले."

मला हे पटले नाही. फितुरीचा आरोप हा हाशिया नव्हे. तो कुणाच्या तरी घराण्यावर, कुणाच्या तरी नावावर पडतो, आणि आपल्याकडे असे आरोप तीनशे वर्षांनंतरही माणसांना चिकटतात. मुसलमान म्हणून मला याची जास्तच जाणीव आहे. एखाद्या सरदाराचे नाव घेऊन अख्ख्या समाजाला जाब विचारला जातो, तेव्हा त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा असेच एक निराधार वाक्य असते. वाद असलेले विधान वर मजकुरात यावे, कोणता ग्रंथ काय म्हणतो ते कंसांसह मांडावे, उलट बाजूही द्यावी. ते जमत नसेल तर ते गाळावे. तिने दोन दिवस विचार केला आणि गाळले.

शेवटी आम्ही दोन वेळा वाचन केले. पहिल्यांदा टिपा कागदाने झाकून फक्त वरचा मजकूर वाचला. प्रत्येक विधानाला आधार दिसतो का, युक्तिवाद तुटत नाही ना, हे पाहिले. दुसऱ्यांदा फक्त टिपा वाचल्या. जिथे पुस्तकाच्या नावाखेरीज काही नव्हते, ती टीप कंस होऊन वर गेली. जी टीप अर्ध्या पानाची झाली होती, तिचा मुद्दा मजकुरात घेतला. ३१ टिपांच्या ९ उरल्या.

त्या पानाखाली ठेवाव्यात की शेवटी, हे नियतकालिक ठरवते. मला विचाराल तर पानाखाली, कारण खुलासा जिथे अडले तिथेच मिळावा. शेवटी द्यायच्याच असतील तर 'टिपा' आणि 'संदर्भसूची' ही दोन शीर्षके वेगळी ठेवावीत. 'हवाशी व हवालाजात' मधला तो 'व' तेवढा काढून टाकावा.