पैसे देणाऱ्या पाहुण्याचा हिशेब

जून-जुलै महिना उजाडला की छत्रपती संभाजीनगरात जागा शोधणाऱ्या मुलामुलींची पायपीट सुरू होते. विद्यापीठात येणारे बेगमपुऱ्याच्या बाजूस जातात, अभियांत्रिकीचे उस्मानपुऱ्यात, स्पर्धा परीक्षांचे औरंगपुरा-समर्थनगराच्या गल्ल्यांतून. शासकीय वसतिगृहाच्या यादीत ज्यांचे नाव लागले नाही त्यांना खाजगी 'पीजी'वाचून गत्यंतर नसते. या बाजारात भाव सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. मालक फोनवर एक आकडा उच्चारतो आणि पुढे म्हणतो, "सगळं त्यातच आलं." या 'सगळे' शब्दात नेमके काय आले आणि काय राहिले, हे विद्यार्थ्याला कळते ते अनामत रक्कम देऊन, गादी टाकून, पहिला महिना काढल्यावर. तेव्हा ते कळून उपयोग नसतो.

परतूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीचे उदाहरण कल्पून पाहू. पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळाला आहे. तिघींच्या खोलीतील एका कॉटचे, दोन वेळच्या जेवणासह, महिना साडेपाच हजार असे फोनवर ठरत आले आहे. पैसे पाठविण्याआधी ती मालकास ई-मेल लिहिते:

"नमस्कार काका, काल फोनवर बोलल्याप्रमाणे 1 जुलैपासून तिघींच्या खोलीतील एक कॉट घेण्याची माझी इच्छा आहे. पैसे पाठविण्याआधी पुढील बाबींची यादी मिळाली तर वडिलांना दाखवता येईल. कॉटचे भाडे किती व जेवणाचे किती? रविवारी संध्याकाळी जेवण असते का, आणि गावी गेल्यास खाडे वजा होतात का? विजेचे पैसे वेगळे असतील तर युनिटचा दर काय व रीडिंग कोणासमोर घेतले जाते? उन्हाळ्यात टँकरचे पैसे वेगळे द्यावे लागतात का? अनामत किती, त्यातून काय कापले जाते आणि खोली सोडल्यावर किती दिवसांत परत मिळते? प्रवेश फी, वाय-फाय, देखभाल असा आणखी काही आकार आहे का? मे-जूनच्या सुट्टीत भाडे लागते का? दरमहा पावती मिळेल ना? आपले उत्तर आले की त्याच दिवशी पैसे पाठवते."

या पत्रात ना आरोप आहे, ना घासाघीस. तरीही ते वाचून अनेक मालकांच्या कपाळाला आठी पडते. "आतापासून इतके प्रश्न, पुढे काय करेल?" असे म्हणून जागा दुसऱ्या मुलीला दिली जाण्याची भीती खरी आहे. मग हे पत्र लिहावे कशासाठी? त्याचे उत्तर मालकाच्या उत्तरात दडलेले असते.

समजा, मालक सज्जन आहे आणि त्याने सरळ उत्तर दिले. कॉटचे तीन हजार, जेवणाचे अडीच हजार, म्हणजे साडेपाच हजार. वीज वेगळी, खोलीच्या सबमीटरप्रमाणे युनिटला 14 रुपये, तिघींत वाटून. मार्च-एप्रिलमध्ये टँकरचे दरमहा तीनशे. प्रवेश फी एक हजार, ती परत मिळणार नाही. अनामत साडेपाच हजार. सोडताना रंगाचे एक हजार कापून उरलेले परत. मे-जूनमध्ये कॉट राखून ठेवण्यासाठी अर्धे भाडे.

आता जुलै ते एप्रिल या दहा महिन्यांचा हिशेब मांडू. मूळ रकमेचे 55,000 रुपये. खोलीत महिना 90 युनिट वीज जळाली तर 1,260 रुपये, तिचा वाटा 420, दहा महिन्यांचे 4,200. टँकरचे 600, प्रवेश फीचे 1,000, रंगाचे 1,000 आणि सुट्टीतील दोन महिन्यांचे 3,000. एकूण 64,800. प्रत्यक्ष राहिलेल्या महिन्यामागे ही रक्कम 6,480 रुपये होते. फोनवरच्या आकड्याहून जवळजवळ एक हजार अधिक. मालक खोटे बोलला नव्हता. 'सगळे' या शब्दाचा अर्थ दोघांनी वेगवेगळा घेतला होता, इतकेच. शेजारच्या गल्लीतील सहा हजारांची, वीज-पाणी धरून असलेली जागा तिला आधी महाग वाटली असेल. यादी हाती आल्यावर तीच स्वस्त ठरते. बाबवार यादीचे पहिले काम हे असे दोन जागांची तुलना शक्य करण्याचे आहे.

यादीतील दोन बाबी विशेष पारखून घ्याव्या लागतात. पहिली विजेची. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली 100 युनिटे स्वस्त, 300 पर्यंतची त्याहून महाग, 500 पर्यंतची आणखी, आणि त्यापुढची सर्वांत महाग. एका मीटरवर दहा खोल्या जोडल्या की एकत्रित वापर वरच्या टप्प्यात जातो. मग मालक सबमीटरला सर्वांत वरचा दर लावतो आणि "महावितरणचाच दर आहे" असे सांगतो. ते अर्धसत्य असते, कारण त्याच्या स्वतःच्या बिलातील पहिली युनिटे स्वस्तच असतात. रास्त दर काढण्याची रीत सोपी आहे. इमारतीच्या बिलाची एकूण रक्कम, स्थिर आकारासह, एकूण युनिटांनी भागावी. येणाऱ्या सरासरीहून सबमीटरचा दर बराच वर असेल तर मालक विजेवर नफा घेत आहे. म्हणून बिलाची प्रत पाहण्यास मागावी आणि राहायला येण्याच्या दिवशी सबमीटरचे छायाचित्र काढून ठेवावे.

दुसरी बाब पाण्याची. या शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडीहून पंपाने उचलून आणले जाते आणि वर्षानुवर्षे येथील नळांना ते काही दिवसांच्या आड आले आहे. महापालिकेची पाणीपट्टी हा वर्षाचा ठरलेला खर्च. टँकर हा ऋतूप्रमाणे वाढणारा. यादीत नुसते 'पाणी समाविष्ट' असे लिहिले असेल तर टँकर समाविष्ट आहे का, हे वेगळे विचारले पाहिजे. अन्यथा मार्च महिन्यात खोल्यांच्या दारावर एक चिठ्ठी लागते आणि 'सगळे' या शब्दाचा अर्थ आणखी आकसतो.

यावर कोणी म्हणेल, भाडेकरूंसाठी कायदा आहे, मग या पत्राचा खटाटोप कशाला? येथेच खरी मेख आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मध्ये 'पेइंग गेस्ट'ची व्याख्या आहे. मालक स्वतः ज्या घरात राहतो त्याच घराचा काही भाग परवान्याने वापरणारी, कुटुंबाबाहेरची व्यक्ती, असा तिचा आशय. आणि 'परवानाधारक' या संज्ञेतून याच कायद्याने पेइंग गेस्टला वगळले आहे. वसतिगृहात व लॉजमध्ये राहणाऱ्यालाही वगळले आहे. ही मांडणी 1973 साली मुंबईच्या जुन्या भाडे कायद्यात झालेल्या दुरुस्तीची. मराठवाड्यात तेव्हा हैदराबादचा 1954 चा कायदा लागू होता. 1999 च्या कायद्याने ती व्याख्या येथेही आणली. घरातील एक खोली ओळखीच्या मुलास देणाऱ्या विधवेचे चित्र त्या व्याख्येमागे असावे. आजची पीजी म्हणजे बव्हंशी चार मजल्यांची, चाळीस कॉटांची इमारत. मालक त्यात राहतही नाही. नाव पाहुण्याचे, व्यवहार धंद्याचा, आणि भाडेकरूचे संरक्षण नाही, अशा त्रिशंकू अवस्थेत विद्यार्थी लोंबकळत राहतो. चौघांनी मिळून फ्लॅट भाड्याने घेतला तर करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी कलम 55 अन्वये मालकावर येते, आणि त्याने ती टाळली तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. पीजीतल्या मुलीला तो आधार मिळेलच असे नाही. तिच्या बाजूने बोलणारा कागद तिने स्वतःच निर्माण करावा लागतो. तो कागद म्हणजे हा ई-मेल आणि त्याचे उत्तर.

तो कागद पुढे चालतो कोठे? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निवास व भोजन ही स्पष्टपणे 'सेवा' आहे. कबूल केलेली सेवा दिली नाही तर जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तक्रारीचे शुल्क नाही. अवाजवी अनामत मागणारी अट याच कायद्याने 'अनुचित करारा'त मोडते, मात्र त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. चार-साडेचार हजारांच्या अनामतीसाठी तारखांना फिरणे विद्यार्थ्याला परवडत नाही, हेही मान्य केले पाहिजे. लेखी यादीचा खरा उपयोग तंटा चालविण्याहून तंटा टाळण्यात अधिक आहे: एप्रिलमध्ये "रंगाचे तीन हजार" म्हणणाऱ्या मालकापुढे त्याचेच जुलैचे उत्तर ठेवता येते. मालकाने उत्तर न लिहिता फोनवरच सांगितले, तर त्याच संध्याकाळी "आज आपण सांगितलेले असे समजले आहे" म्हणून बाबवार ई-मेल पाठवावा आणि मगच पैसे द्यावेत. त्यानंतर विनातक्रार घेतलेली रक्कम बरेच काही बोलते.

आणखी एक प्रश्न शासनाशी निगडित आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. योजना आली तेव्हा या शहराच्या श्रेणीसाठी वर्षाचे 51,000 रुपये ठरले, आणि शासनानेच ते बाबवार ठरविले: भोजन 28,000, निवास 15,000, निर्वाह 8,000. वरच्या उदाहरणातील कॉटचे दहा महिन्यांचे भाडेच तीस हजार होते, म्हणजे निवासाच्या रकमेच्या दुप्पट. जेवण मात्र 25,000 त बसते. तूट नेमकी कोठे आहे हे बाबवार यादीतून दिसते. 'सगळे साडेपाच हजार' या आकड्यातून ते कधीच दिसणार नाही. ज्या शहरात बाबासाहेबांनी 1950 साली नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय उभे केले, तेथे निवासाची रक्कम वाढवून मागायची तर अशा शेकडो याद्या हाच त्या मागणीचा पुरावा होईल.

एकटीचे पत्र दुबळे असते. जुलैच्या गर्दीत मालकाला दुसरी मुलगी मिळते आणि यादी मागणारी रस्त्यावर राहते. पण एकाच गल्लीतील दहा जणींनी तेच पत्र, त्याच प्रश्नांसह पाठविले, तर यादी न देणाऱ्याचीच कॉट रिकामी राहण्याचा संभव वाढतो. विद्यार्थ्यांत काम करणाऱ्यांनी जूनपूर्वी या प्रश्नांचा एक साधा छापील नमुना तयार करून महाविद्यालयांच्या प्रवेशखिडक्यांपाशी वाटावा आणि आलेल्या उत्तरांची गल्लीवार वही ठेवावी. प्रामाणिक मालकाला त्याचा जाच नाही, उलट भांडणांतून त्याचीही सुटका आहे. पाहुणा पैसे देणार असेल, तर ते कशाचे, हे विचारण्याचा अधिकार त्याला उंबरठा ओलांडण्याआधी मिळाला पाहिजे.