पडद्यावर धूसर दिसणारी छायाचित्रे

एका परिचित पेढीचा सुवर्णमहोत्सव होता. व्यापारी व आप्तेष्ट यांच्यासमोर पेढीच्या वाटचालीची स्लाइड्समधून ओळख करून द्यावयाची होती. आदल्या सायंकाळी सभागृहात चाचणी घेतली, तेव्हा पहिल्याच स्लाइडवर संस्थापक आजोबांचा चेहरा धुक्याआड गेल्यासारखा दिसला. पेढीच्या बोधचिन्हातील अक्षरांभोवतीही मळकट कडा उमटल्या होत्या. घरच्या मोबाइलवर मात्र दोन्ही चित्रे स्वच्छ दिसत होती.

असे का घडते? डिजिटल चित्र हे बारीक रंगीत चौकटींचे, म्हणजे पिक्सेलचे, बनलेले असते. चित्र मोठे केले की नवा तपशील निर्माण होत नाही. आहेत त्याच चौकटी ताणल्या जातात. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड १३.३३ इंच रुंद व ७.५ इंच उंच असते. नेहमीचा फुल एचडी पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलचा असतो. १९२० ला १३.३३ ने भागले असता १४४ येतात. अर्थात स्लाइडवरील प्रत्येक इंचासाठी चित्रात सुमारे १४४ पिक्सेल हवेत. एवढा एक हिशेब ध्यानात ठेवला तरी पुरे.

आजोबांचे छायाचित्र स्लाइडच्या पूर्ण उंचीचे होते. म्हणजे १०८० पिक्सेल आवश्यक होते. फाइलवर उजवी क्लिक करून Properties व त्यातील Details उघडले, तर उंची निघाली अवघी ६००. हे चित्र व्हॉट्सअॅपवरून आले होते. तेथे साधा फोटो पाठवताना तो आकुंचित होतो. तोच Document म्हणून पाठवला तर मूळ स्वरूपात पोहोचतो. परंतु येथे मूळ छायाचित्र घरातच होते. सहा इंच उंचीचा तो कागदी फोटो ३०० डीपीआयवर स्कॅन केला, तेव्हा १८०० पिक्सेलची उंची मिळाली. गरजेहून अधिक, म्हणून निश्चिंत.

तरीही नवे चित्र स्लाइडवर धूसरच राहिले! स्कॅनची फाइल स्वतंत्रपणे उघडली असता ती स्पष्ट दिसे, स्लाइडवर मात्र नाही. दोष चित्राचा नसून पॉवरपॉइंटने केलेल्या जतनाचा आहे, हे ओळखण्याची हीच खूण. झाले असे, की मुलाने ते चित्र प्रथम अन्य छायाचित्रांच्या रांगेत दीड इंच उंचीचे करून बसवले व फाइल जतन केली. जतन करताना पॉवरपॉइंट सामान्यतः प्रत्येक इंचास २२० पिक्सेल ठेवून उरलेले टाकून देतो. दीड इंचास उरले ३३०. पुढे तेच चित्र पूर्ण स्लाइडभर ताणले गेले. गेलेले पिक्सेल परत येणार कोठून?

उपाय असा. File मधील Options, त्यातील Advanced येथे जाऊन Image Size and Quality या भागात Do not compress images in file यासमोर खूण करावी. ही खूण त्या एका फाइलपुरतीच लागू होते. म्हणून नवी फाइल सुरू करतानाच, चित्रे घालण्यापूर्वी, ती करणे इष्ट. आधीच बिघडलेले चित्र काढून टाकून मूळ फाइलमधून पुन्हा घालावे.

बोधचिन्हाची गोष्ट निराळी. ते जेपीईजी स्वरूपात होते. हे स्वरूप फाइल लहान करण्यासाठी बारीक तपशील गाळते. चेहरा, निसर्ग, वस्त्र यांच्या छायाचित्रांत ही गळती सहसा जाणवत नाही. पण अक्षरांच्या धारदार कडांभोवती ती मळासारखी दिसते, आणि चित्र पुन्हा पुन्हा बदलून जतन केल्यास वाढते. म्हणून बोधचिन्ह, तक्ते, हिशेबाच्या पानाचे स्क्रीनचित्र यांसाठी पीएनजी योग्य. त्यात काही गळत नाही व पार्श्वभूमी पारदर्शकही ठेवता येते. मात्र जेपीईजीचे नुसते पीएनजीत रूपांतर केल्याने आधीचा मळ जात नाही. मुद्रणालयाकडे बोधचिन्हाची मूळ रेखाकृती असल्यास ती एसव्हीजी स्वरूपात मागवावी. ती पिक्सेलची नसून रेषांच्या गणिताची असल्याने कितीही मोठी केली तरी धारदार राहते. पॉवरपॉइंटच्या अलीकडील आवृत्त्या ती स्वीकारतात. उलट छायाचित्रे पीएनजीत ठेवल्यास फाइल उगाच जड होते, स्पष्टता वाढत नाही.

शेवटी एक मर्यादा. सभागृहातील प्रोजेक्टरच कमी पिक्सेलचा असेल, तर उत्तम चित्रही तेथे त्याहून अधिक स्पष्ट दिसणार नाही. म्हणून चाचणी घरच्या पडद्यावर न थांबवता त्याच सभागृहात, शेवटच्या रांगेत बसून घ्यावी. त्या पेढीने दुसऱ्या दिवशी सकाळी तशी घेतली, तेव्हा आजोबांच्या पागोट्याची घडी न् घडी तेथून दिसत होती.