वजन उतरल्यावर बदललेली माणसे

वजन फार उतरलेल्या रुग्णाला आपण रक्तशर्करा, रक्तदाब, गुडघेदुखी यांविषयी विचारतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांच्या वागण्यात काय फरक पडला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या अनुभवात हा फरक रुग्णाच्या मनावर आणि पुढे त्याच्या ताटावरही परिणाम करतो.

माझ्या एका एकसष्ट वर्षांच्या रुग्ण बाईंचे उदाहरण घेऊ. उंची १५४ सेंटिमीटर, वजन १०४ किलो. जठराचा आकार लहान करणारी शस्त्रक्रिया झाली आणि चौदा महिन्यांत त्या ६८ किलोंवर आल्या. मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या, जिना चढता येऊ लागला. तपासणीचे आकडे पाहून मी समाधानी होतो. बाई मात्र गप्प होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, "डॉक्टर, लोक आता माझ्याशी फार चांगले वागतात. मला त्याचाच राग येतो."

पूर्वी शेअर रिक्षावाला त्यांना पाहून "मावशी, दोन सीटचे पैसे पडतील" असे सगळ्यांदेखत सांगे. आता तोच "या, बसा" म्हणून पिशवी आत घेतो. लग्नाच्या पंक्तीत शेजारच्या अपरिचित बायका त्यांच्या ताटाकडे रोखून पाहत. आता त्याच प्रकारच्या बायका आग्रहाने जिलेबी वाढायला लावतात. कपड्यांच्या दुकानात पूर्वी "तुमच्या मापाचे नाही" एवढे एकच उत्तर मिळे. आता खुर्ची आणि पाणी मिळते. बाईंचा प्रश्न साधा होता : "तेव्हाही मी हीच होते ना?"

हा राग कृतघ्नपणाचा नव्हे. पूर्वीची वागणूक त्यांनी इतकी वर्षे आपलाच दोष मानून सोसली होती. चांगली वागणूक देणे लोकांना सहज शक्य होते, हे आता कळल्यामुळे जुना अपमान नव्याने बोचू लागला. त्यात आनंदही मिसळलेला होता, आणि तो आनंद होतो याची लाजही. शिवाय मनातले शरीराचे चित्र शरीराइतक्या लवकर बदलत नाही. बाई अजूनही प्लास्टिकची खुर्ची हाताने दाबून पाहतात आणि मगच बसतात. (आम्ही डॉक्टर मंडळीही यातून सुटत नाही. कान दुखतो म्हणून आलेल्या स्थूल माणसाला आधी वजनावर व्याख्यान ऐकवणारे पुष्कळ आहेत. त्यामुळे असे रुग्ण दवाखान्यात यायचे टाळतात.)

आता ताटाविषयी. हा मान वजनावर मिळतो, हे उमजले की वजन परत वाढण्याची भीती बसते. अशा शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षापासून थोडे वजन परत येणे नेहमीचे आहे. पण बाईंनी एक किलो वाढताच रात्रीचे जेवण बंद केले. भेटणारे म्हणत, "आणखी बारीक झालात, छान!" घरी मात्र त्या पलंगावरून उठताना हाताचा आधार घेऊ लागल्या होत्या. मी त्यांना हातांची घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठायला-बसायला लावले. त्यांना एकोणीस सेकंद लागले. पंधरापेक्षा अधिक वेळ लागला तर स्नायूंची शक्ती घटल्याची शंका घ्यावी. चरबीबरोबर स्नायूही झडत होते. रात्रीचे जेवण पुन्हा सुरू केले, रोज सुमारे साठ ग्रॅम प्रथिने पोटात जातील अशी डाळ, पनीर, अंडी यांची विभागणी चार-पाच वेळांत केली आणि खुर्चीवरून उठण्या-बसण्याचाच व्यायाम दिला. तीन महिन्यांनी वेळ चौदा सेकंदांवर आला. वजन दीड किलोने वाढले. ते सांगताना त्यांचा चेहरा उतरला, हेही लिहिले पाहिजे.

घरच्यांनी काय करावे? त्यांच्या सूनबाई कौतुकानेच म्हणत, "आई, बघा, आता लोक कसा मान देतात!" त्या वाक्यात पूर्वीच्या अपमानावर नकळत शिक्कामोर्तब होते. त्याऐवजी "तेव्हा तुम्हाला फार वाईट वाटले असेल ना?" एवढे विचारून ऐकून घ्यावे. कौतुक करायचेच तर जिना चढल्याचे करावे, आकड्याचे नको. झोप उडाली, जेवण टाळले जाऊ लागले किंवा बाहेर जाणेच बंद झाले, तर मात्र समुपदेशकाची मदत घ्यावी.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. वजन प्रयत्नाने उतरले की आपोआप, हे अनोळखी माणसाला दिसत नाही. तो दोघांचीही स्तुतीच करतो. साठ किलोंच्या आजोबांचे वजन काहीही न करता सहा महिन्यांत तीन किलोंनी घटले असेल, तर रस्त्यात कोणी "तब्येत छान केलीत" म्हटले तरी त्यांना त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावे.