हवा कुठे मोजली, ते लिहा

पर्चेसच्या टेबलावर दोन कोटेशनं शेजारी शेजारी ठेवली होती. एकात लिहिलं होतं ‘विस्थापन २० सीएफएम’, दुसऱ्यात ‘हवा १४ सीएफएम’. पहिल्याची किंमत बरीच कमी. आमच्या पर्चेसच्या ताईंनी पहिला कॉम्प्रेसर घेतला. जास्त हवा कमी पैशात मिळत असेल तर कुणीही तोच घेईल. त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं माझं, कारण त्या दोन्ही डेटाशीट मराठीत मीच करून दिल्या होत्या, आणि शब्दाला शब्द ठेवून मोकळा झालो होतो.

मेंटेनन्समधल्या माणसांवर हे काम हल्ली वरचेवर येतं. खरेदी बघणाऱ्यांना इंग्रजी वाचता येत नाही असं नाही, पण डेटाशीटमधलं इंग्रजी हे इंग्रजी नसतंच. म्हणून ते आपल्याला म्हणतात, ‘जरा मराठीत करून द्या.’ अशा वेळी शब्दकोश उघडू नका, ही माझी पहिली विनंती. ‘विस्थापन’ म्हटलं की आपल्याकडे धरणात गेलेली गावं आठवतात. ‘ड्यूटी सायकल’चं ‘कर्तव्य चक्र’ केलेलं मी स्वतः पाहिलं आहे. यातून खरेदी करणाऱ्याला काय कळणार? मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवा आणि त्याच्याखाली एक-दोन वाक्यांत सांगा, की हा आकडा नेमका कशाचा आहे, कुठे मोजलेला आहे आणि तो किती वेळ टिकतो.

डिस्प्लेसमेंटपासूनच बघू. त्या स्वस्त कॉम्प्रेसरला ८० मिलिमीटर बोअरचे दोन सिलिंडर होते, स्ट्रोक ६५ मिलिमीटर. पिस्टन एकदा खाली आला की एका सिलिंडरमध्ये सुमारे ३२५ मिलिलिटर जागा मोकळी होते. दोन्हींची मिळून ६५०. मिनिटाला ८५० फेरे धरले तर साडेपाचशे लिटर, म्हणजे साडेएकोणीस सीएफएम. विक्रेत्याने त्याचे २० केले, तेवढं चालायचंच. पण हा सगळा हिशोब टेपने मोजलेल्या जागेचा आहे. एवढी हवा बाहेर पडते असं तो कुठेच म्हणत नाही.

हवा कमी का पडते, हे पर्चेसवाल्याला सांगायला अवघड नाही. पिस्टन कितीही वर गेला तरी व्हॉल्व्हप्लेटखाली थोडी फट राहते. त्या फटीत दाबलेली हवा अडकते. पिस्टन खाली येताना आधी तीच हवा फुगते आणि नवी हवा आत यायला उशीर होतो. शिवाय सिलिंडर तापलेला असतो, त्यामुळे आत येणारी हवा पसरते. रिंगांमधून आणि व्हॉल्व्हमधूनही थोडी निसटते. छोट्या पिस्टन कॉम्प्रेसरमध्ये ७ बारला डिस्प्लेसमेंटच्या ६५ ते ८० टक्के हवा हाती लागते. आमच्या मशिनची नंतर मोजली तेव्हा ती ३८५ लिटर भरली, म्हणजे ७० टक्के. सीएफएममध्ये बोलायचं तर जेमतेम १४.

म्हणजे ज्या दोन यंत्रांत आम्हाला २० आणि १४ चा फरक दिसला, त्यांची हवा सारखीच होती. दुसऱ्याने आपला एफएडी लिहिला होता. एफएडी म्हणजे प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा, पण मोजायची ती यंत्र जिथून हवा ओढतं तिथल्या दाबाला आणि तापमानाला. पहिल्याने पिस्टनची जागा लिहिली होती. मी दोन्ही आकडे एकाच रकान्यात बसवले. स्क्रू कॉम्प्रेसरची डेटाशीट शेजारी आली तर ही चूक आणखी सहज होते, कारण स्क्रूवाले बहुतेक वेळा एफएडीच देतात. म्हणून तुलनेच्या तक्त्यात दोन वेगळे रकाने ठेवा. ‘पिस्टनने घेरलेली जागा’ हा एक, आणि ‘प्रत्यक्ष मिळणारी हवा, इतक्या बारला’ हा दुसरा. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो रिकामाच जाऊ द्या. अंदाजाने भरू नका. विक्रेत्याला फोन करून विचारा, आणि आयएस ५४५६ किंवा आयएसओ १२१७ प्रमाणे चाचणी केलेला आकडा लेखी मागा.

‘इतक्या बारला’ हे शब्द मी उगाच घातलेले नाहीत. डिस्चार्जचा दाब जितका जास्त, तितकी फटीतली हवा जास्त फुगते आणि नवी हवा तितकी कमी आत येते. त्यामुळे एकाच कॉम्प्रेसरची हवा ७ बारला वेगळी आणि १० बारला वेगळी, कमी. दाब न लिहिता दिलेला एफएडी म्हणजे गाव न सांगता सांगितलेलं अंतर.

डिस्चार्ज प्रेशरच्या ओळीत अडचण ‘कमाल’ या शब्दाची असते. डेटाशीटमध्ये ‘कमाल १० बार’ असलं की वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याला १० बार मिळणार. खरं तर १० ला प्रेशर स्विच मोटर बंद करतो. टँकमधली हवा वापरली जाऊन दाब खाली येतो, आणि समजा ८ ला तो मोटर पुन्हा चालू करतो. म्हणजे लाइनमध्ये दाब ८ आणि १० च्या मध्ये हेलकावे खाणार. आपल्या मशिनला सतत काय मिळणार, हे खालच्या आकड्यावर ठरतं. तेव्हा मराठीत दोन्ही आकडे द्या, ‘इतक्याला सुरू, इतक्याला बंद’.

मग कुणीतरी म्हणतं, ८ पेक्षा १० बरा, पुढेमागे उपयोगी पडेल. आमच्या शॉपमध्ये सगळ्यात जास्त दाब लागतो तो फिक्श्चरच्या सिलिंडरांना, तोही ६ बार. पाइप, फिल्टर आणि ड्रायरमध्ये मिळून फार तर एक बार जातो. म्हणजे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ७ पुरे. त्याच्यावरचा प्रत्येक बार विजेच्या बिलात साधारण ६-७ टक्क्यांनी दिसतो, आणि गळती असेल तर तीही वाढते. ‘जास्त म्हणजे चांगलं’ हा नियम दाबाला लागू नाही, हे खरेदीच्या माणसाला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

एककांचं फार मनावर घेऊ नका. शॉपमध्ये आपण ‘सात किलो’ म्हणतो, डेटाशीट ‘बार’ म्हणते, जुना गेज ‘पीएसआय’ दाखवतो. ७ बार म्हणजे साधारण ७.१ किलो, आणि पीएसआयमध्ये १०० च्या जरा वर. फरक किरकोळ आहे. मात्र बारपुढे ‘अ‍ॅब्सोल्यूट’ लिहिलेलं असेल तर थांबा. त्यात बाहेरच्या हवेचा एक बार आधीच मिळवलेला असतो, तेव्हा ८ अ‍ॅब्सोल्यूट म्हणजे आपल्या गेजवर ७. सगळे आकडे गेजवर दिसतील तसे करून द्या आणि तसं वर एकदा लिहून टाका.

आता ड्यूटी सायकल. आमचं खरं नुकसान इथेच झालं. त्या स्वस्त मशिनच्या डेटाशीटवर ‘६० टक्के’ लिहिलेलं होतं. मी मराठीत ‘कार्यक्षमता ६० टक्के’ लिहिलं! ताईंनी ते बघितलं, शेजारच्या मशिनचं १०० बघितलं, आणि एवढ्या कमी किमतीला एवढं चालायचं असं धरलं. ६० टक्के ड्यूटी म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं यंत्र चालेल आणि चार मिनिटं त्याला थंड व्हायला मिळालीच पाहिजेत. ती विश्रांतीची अट आहे. कार्यक्षमतेशी तिचा संबंध नाही.

आमची गरज किती होती? दोन ब्लोगन, एक हवेवरचा ग्राइंडर आणि फिक्श्चरचे सिलिंडर मिळून सरासरी मिनिटाला ३०० लिटर. यंत्र देणार ३८५. म्हणजे दहा मिनिटांपैकी पावणेआठ मिनिटं ते चालणार, आणि परवानगी सहा मिनिटांची. साडेपाचशेचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून हाच हिशोब केला तर साडेपाच मिनिटं येतात, अगदी आरामात बसतं. एका ओळीतली चूक दुसऱ्या ओळीत अशी लपून राहते. म्हणून या तीन ओळी तीन वेगळ्या गोष्टी समजून भाषांतर करू नका. कोणत्या दाबाला किती हवा, ती आपल्या गरजेला किती मिनिटं चालून पुरणार, आणि तेवढा वेळ चालायची यंत्राला मुभा आहे का, हा एकच प्रश्न आहे.

परिणाम लगेच दिसला नाही. एप्रिलमध्ये दुपारी ओव्हरलोड ट्रिप व्हायला लागला, तेव्हा आम्ही इलेक्ट्रिशियनला दोष दिला. मग फिल्टरच्या वाटीत तेल साचायला लागलं. हेड उघडलं तेव्हा व्हॉल्व्हप्लेटवर काळ्या कोळशाचा थर होता. सतत तापलेलं तेल पातळ होऊन वर येतं आणि डिलिव्हरी व्हॉल्व्हवर जळतं. प्लेट नीट बसत नाही, दाबलेली हवा मागे येते, हवा आणखी कमी पडते आणि यंत्र आणखी जास्त वेळ चालतं. विक्रेत्याने मोटरची प्लेट दाखवली. तिच्यावर एस-१ होतं, म्हणजे मोटर सतत चालवायची. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त ती मोटरची गोष्ट होती. ६० टक्क्यांची मर्यादा पंपाची होती. डेटाशीटमध्ये या दोन्ही ओळी जवळजवळ असतात, तेव्हा कोणती कुणाची ते नाव घालून लिहा.

आम्ही आता पर्चेसला देतो त्या कागदावर या तीन ओळी अशा असतात:

डिस्प्लेसमेंट: मिनिटाला ५५० लिटर. ही पिस्टनने घेरलेली जागा आहे. तुलनेसाठी वापरू नये.
मिळणारी हवा आणि दाब: ७ बारला मिनिटाला ३८५ लिटर. ८ ला सुरू, १० ला बंद. आपण स्विच खाली आणून ७ ला सुरू होईल असा लावून घेणार.
ड्यूटी सायकल: पंपाला दहा मिनिटांत सहा मिनिटं. आपल्याला लागतात पावणेआठ. चालणार नाही.

तिसऱ्या ओळीतले शेवटचे दोन शब्द लिहिताना पहिल्यांदा हात अडखळला. भाषांतर करणाऱ्याने निकाल द्यावा का? माझं मत आहे, द्यावा. गरज किती ते आपल्याला माहीत असतं, ताईंना नसतं.

यंत्र आल्यावर पैसे देण्याआधी करायची एक तपासणीही त्याच कागदावर खाली छापा. तिला मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. टँक २२० लिटरचा असेल तर बाहेरचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करा, कॉम्प्रेसर चालवा आणि गेज ५ वरून ७ वर जायला किती सेकंद लागले ते बघा. दोन बार वाढले म्हणजे टँकमध्ये सुमारे ४४० लिटर हवा गेली. मिनिटाला ३८५ लिटरच्या यंत्राला ६८-६९ सेकंद लागतात. खरोखर साडेपाचशे मिळत असते तर ४८ सेकंदांत काम झालं असतं. भरताना हवा गरम असते, त्यामुळे गेज थोडा पुढे दाखवतो. ती सूट विक्रेत्याच्या बाजूने जाते, जाऊ द्या. तीनदा मोजा, सरासरी काढा, आणि तो आकडा तारखेसकट डिलिव्हरी चलनाच्या मागे लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तेच मोजताना १५ सेकंद जास्त लागले, तर हेड उघडायची वेळ झाली.