हातातला पगार आणि चौकटीतला पगार

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे शब्दांच्या अर्थाकडे माझं लक्ष जातं. परवा भाचा लॅपटॉप घेऊन आला. "मामू, नोकरीचा फॉर्म भरलाय, एकदा बघा ना." `Expected CTC`च्या चौकटीत त्यानं 3.60 लाख लिहिलं होतं. हिशेब सरळ होता: महिना तीस हजार हवेत, गुणिले बारा.

चूक गुणाकारात नव्हती, शब्दात होती. आपल्या घरात पगार म्हणा की तनख्वाह, अर्थ एकच: खात्यात जमा होते ती रक्कम. सीटीसी म्हणजे मात्र कंपनीला तुमच्यावर वर्षभरात होणारा एकूण खर्च.

त्याची पगारपत्रिका काढली. हातात 22,000 येतात. मूळ वेतन 14,000. त्याच्या 12 टक्के, म्हणजे 1,680 रुपये, पीएफला कापले जातात आणि 200 रुपये व्यवसाय कर. कंपनी स्वतःचे 1,680 पीएफमध्ये भरते आणि ग्रॅच्युइटीपोटी सुमारे 673 धरते. सगळं मिळून महिन्याला 26,233, वर्षाला जवळपास 3.15 लाख. पोरानं आताचा पगार 2.64 लाख लिहून स्वतःची किंमत अर्ध्या लाखानं कमी केली होती. याच प्रमाणात 3.60 लाखांतून हातात पंचवीस हजारांच्या आसपासच पडले असते. तीस हजार हवे असतील तर 4.30 लाखांच्या घरात लिहायला हवं.

दुसरी चौकट नोटीस पिरियडची. यादीतून एकच पर्याय निवडायचा. त्यानं `15 Days or less` निवडलं होतं. नेमणूकपत्रात मात्र 60 दिवस होते. "दोन महिने लिहिले तर फोनच येत नाही, मामू." खोटं नाही ते. भरती करणारे नोटीसच्या दिवसांवरूनच अर्ज गाळतात. पण पंधरा दिवसांच्या भरवशावर नवी नोकरी ठरली आणि जुन्या कंपनीनं सोडलं नाही, तर ऑफर जाते किंवा रिलीव्हिंग लेटर अडकतं. पत्रात उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर सुटण्याची सोय असेल, तर ती बायोडेटाच्या पहिल्याच ओळींत लिहावी. चौकटीत मात्र पत्रातला आकडाच टाकावा.

माझं म्हणणं एवढंच की दोष पोरांचा कमी आणि चौकटीचा जास्त आहे. हातात येणारी रक्कम आणि सीटीसी यांना दोन वेगळ्या चौकटी द्यायला काय हरकत आहे? 'पैसे भरून लवकर येऊ शकतो' हा पर्याय यादीत का नसावा? ज्याच्या घरात कुणी आधी कंपनीत नोकरी केली आहे, त्याला हे जेवताना कळतं. आमच्या पोरांना ते नोकरी हातची गेल्यावर कळतं.

भाच्यानं दोन्ही आकडे बदलले. फोन कदाचित कमी येतील. पण जो येईल, त्याच्याशी बोलताना त्याला काही लपवावं लागणार नाही.