कडी मोडली, दुरुस्ती कुणाची?

म्हसळ्यात भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या बाईच्या दाराची कडी लागेनाशी झाली, की घरमालकाचे उत्तर ठरलेले असते: "कडी तुम्हीच बसवून घ्या." मैत्रिणींनो, हे उत्तर मान्य करण्याआधी नेमके काय मोडले आहे ते पाहायला हवे.

कोकणच्या पावसात दार फुगते, खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात आणि चौकटीचे लाकूड कुजते. कोयंडा हाताने ओढून पाहा. तो स्क्रूसकट हलत असेल तर दोष कडीचा नाही, चौकटीचा आहे. अशा चौकटीवर नवी कडी बसवली तरी एका धक्क्यात ती निघून येईल.

हा फरक महत्त्वाचा आहे. केंद्र सरकारने 2021 साली राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना भाडे कायद्यात, करारात वेगळे ठरले नसेल तर दाराचे कुलूप बदलणे आणि विजेचे बटण दुरुस्त करणे भाडेकरूकडे आहे. बांधकामाची दुरुस्ती आणि भिंतीतले वायरिंग मालकाकडे आहे. म्हणून अर्जात "कडी मोडली" एवढेच लिहू नये. "चौकट कुजल्याने दार आतून बंद होत नाही", "बोर्डाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, वायरिंग तपासून द्यावे" असे लिहावे. तारीख, कधीपासूनचा बिघाड आणि कोणत्या दिवसापर्यंत दुरुस्ती हवी तेही लिहावे. प्रतीवर मालकाची सही घ्यावी, नाहीतर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 प्रमाणे किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळात दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकते. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाची. भाडे महिना 2000 असेल तर 6000 रुपये. सुताराची पावती हवीच. मात्र हा कायदा त्याच्या परिशिष्टांतल्या भागांनाच लागू आहे आणि 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारीला हा हक्क आपोआप मिळत नाही. तिने ही अट करारातच लिहून घ्यावी.

गळक्या कौलांना 15 दिवस चालतील. न लागणाऱ्या दाराला एक रात्रही चालत नाही. तोवर आतून अडसर लावता येईल, झिणझिण्या येत असतील तर मेन स्विच बंद ठेवता येईल. पण अंधारात, अडसराच्या भरवशावर झोपणे हा बाईच्या सोशिकपणाचा भाग का मानावा? जीविताला धोका असलेल्या दुरुस्तीसाठी कायद्यात 15 दिवसांऐवजी 24 तासांची मुदत हवी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.